आमची वाटचाल: ‘कमी मीठ’चं स्टिकर आम्ही का काढलं

मांस कापण्याचं काम मी धाकटेपणीच शिकलो होतो, पण शिजवलेले कोल्ड कट आणि वाळवलेली सलामी बनवायचा उद्योग मेहुण्यामुळे सुरू झाला. तो यंत्रं सांभाळायचा, मी मसाला आणि मीठ तोलायचो. पहिली काही वर्षं मीठ ही आमच्या लेखी चवीची बाब होती. किलोला 20 ग्रॅम टाकायचं आणि पुढे जायचं.

मांस टिकवायला घालतात त्या नायट्राइटची भीती मात्र पहिल्या दिवसापासून होती. आम्ही वापरतो त्या क्युअरिंग सॉल्टमध्ये सव्वासहा टक्के सोडियम नायट्राइट असतं, बाकी जवळजवळ सगळं साधं मीठ. हे मिश्रण मांसाच्या किलोला अडीच ग्रॅम पडतं. चुकून साधं मीठ समजून ओतलं जाऊ नये म्हणून ते मुद्दाम गुलाबी रंगवलेलं असतं. एकदा मी ते टाकायचं विसरलो. स्लाइस कापल्यावर आतून राखाडी, उकडलेल्या मांसासारखी निघाली. नायट्राइटमुळे मांसाचा गुलाबी रंग शिजल्यावरही टिकतो, पण त्याचं खरं काम बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू रोखणं हे आहे. ती सगळी बॅच आम्ही फेकून दिली. तेव्हापासून क्युअरिंग सॉल्टच्या पुड्या आदल्या दिवशीच तोलून ठेवतो आणि रिकामी पुडी त्या बॅचच्या कागदाला टाचून लावतो.

पुढे ‘कमी मीठ’वाला माल काढायचं ठरलं. 20 ग्रॅमचं 15 केलं, पाकिटावर ‘25 टक्के कमी मीठ’ असं हिरवं स्टिकर लावलं आणि खूश झालो. दोन महिन्यांनी एका ताईंचा फोन आला. त्यांच्या यजमानांना रक्तदाबाचा त्रास होता, त्यामुळे घरात येणारं प्रत्येक पाकीट त्या उलटून बघायच्या. त्या म्हणाल्या, “दादा, तुमचं जुनं पाकीट मी जपून ठेवलंय. त्यावर 100 ग्रॅमला 1,310 मिलिग्रॅम सोडियम लिहिलंय आणि नव्यावर 1,110. हे पंचवीस टक्के कसं काय होतं?”

मी फोनवर काहीबाही बोललो. मग रात्री मेहुणा आणि मी कागद घेऊन बसलो. मिठात वजनाने सुमारे 39 टक्के सोडियम असतं. म्हणजे किलोला 20 ग्रॅम मीठ असेल तर 100 ग्रॅममध्ये त्यातून जवळपास 785 मिलिग्रॅम सोडियम येतं. मांसाचं स्वतःचं साधारण 60. मांस पाणी धरून ठेवावं म्हणून आम्ही किलोला तीन ग्रॅम फॉस्फेट टाकत होतो, त्याचं 95. एवढ्याने बेरीज 940 होते. मग उरलेले 370 कुठून आले?

ते आले सोडियम लॅक्टेटमधून. पाकीट फ्रिजमध्ये असतानाही लिस्टेरियासारखे जंतू वाढत राहतात, ती वाढ मंदावावी म्हणून त्याचं 60 टक्क्यांचं द्रावण आम्ही किलोला 30 ग्रॅम घालायचो. ते फारसं खारट लागत नाही, म्हणून मिठाच्या हिशेबात ते आमच्या डोक्यात कधी आलंच नाही. मीठ पावपटीने घटलं होतं हे खरं, पण एकूण सोडियम जेमतेम 15 टक्क्यांनी उतरलं होतं. बऱ्याच देशांत ‘कमी सोडियम’ म्हणायला नेहमीच्या मालापेक्षा निदान 25 टक्के घट लागते. आमच्या स्टिकरचा दावा मिठाच्या भांड्यापुरता खरा होता, खाणाऱ्याच्या पोटापुरता नव्हता. स्टिकर दुसऱ्याच दिवशी काढलं.

यात एक गंमत आहे. लोक घटकांच्या यादीत ‘सोडियम नायट्राइट’ (E250) वाचून दचकतात. पण सोडियमचाच हिशेब करायचा तर नायट्राइटमधून 100 ग्रॅमला पाच मिलिग्रॅमच्या आसपासच येतं. यादीतल्या लॅक्टेट (E325) आणि फॉस्फेट (E451) यांच्याकडे मात्र कुणी बघत नाही. नायट्राइटचा प्रश्न वेगळाच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 साली प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं, आणि मीठ कमी केल्याने तो मुद्दा मिटत नाही. ‘सेलरीच्या अर्कावर क्युअर केलेलं’ असं लिहिलं तरी मांसात जाऊन काम करणारं नायट्राइट तेच असतं.

मग रेसिपी बदलली. सोडियम लॅक्टेटच्या जागी पोटॅशियम लॅक्टेट घेतलं आणि मीठ 15 वरच ठेवलं, पण आठवड्याभरात पाकिटात गुलाबी पाणी साचायला लागलं आणि स्लाइस उचलली की मधोमध फाटायची. मांसातली प्रथिनं विरघळून एकमेकांना चिकटायला मीठच लागतं. ते कमी पडलं की हातात घेतल्याबरोबर कळतं. शेवटी 17 ग्रॅमवर बसलो. हिशेबाने सोडियम 820 च्या घरात आलं, प्रयोगशाळेचा अहवालही तिथेच आला. आता घट 37 टक्क्यांची होती. पाकिटावर ‘यात पोटॅशियम लॅक्टेट आहे’ हे आम्ही ठळक छापतो, कारण मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांना पोटॅशियम बाधू शकतं. त्यांच्यासाठी आमचा हा माल जुन्यापेक्षा चांगला आहे असं मी म्हणणार नाही.

ताईंना हे सगळं सांगायला फोन केला तेव्हा त्यांनी सलामीचं पाकीट समोर धरलं होतं. त्यावर 1,780. “इथे तर दुप्पट आहे. यात लॅक्टेट किती टाकता?” सलामीत लॅक्टेट नसतंच. आम्ही कच्च्या मिश्रणात किलोला 28 ग्रॅम मीठ घालतो, पण वाळताना किलोचं साडेसहाशे ग्रॅम होतं. पाणी उडतं, मीठ जागेवर राहतं. म्हणून तयार सलामीत ते सव्वाचार टक्क्यांवर जातं. इथे मीठ फार उतरवता येत नाही. सुरुवातीच्या दिवसांत, आंबायला लागेपर्यंत, नको ते जंतू दाबून ठेवायचं काम बहुतांशी तेच करतं.

त्यांनी मग दोन्ही पाकिटांवरचा ‘एका वेळचा’ आकडा वाचून दाखवला आणि मला आमचीच दुसरी चूक दिसली. शिजवलेल्या कोल्ड कटचं प्रमाण आम्ही 40 ग्रॅम धरलं होतं आणि सलामीचं 15, म्हणून सलामीचा आकडा 265 आणि साध्या स्लाइसचा 330. वाचणाऱ्याला सलामीच हलकी वाटणार. पण 15 ग्रॅम म्हणजे आमच्या तीन पातळ चकत्या, आणि तीनवर थांबणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. सहा खाल्ल्या की 530 होतात. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 2,000 मिलिग्रॅमच्या आत राहा म्हणते, त्यातला चौथा हिस्सा तिथेच संपला. म्हणून दोन पदार्थांची तुलना करायची तर 100 ग्रॅमच्या आकड्यांची करावी, आणि आपण खातो किती ते घरच्या काट्यावर एकदा तोलून बघावं. युरोपातल्या पाकिटांवर सोडियमऐवजी मीठ ग्रॅममध्ये छापतात. तिथे तो आकडा सोडियमला अडीचने गुणून काढलेला असतो, लॅक्टेटमधलं सोडियमही त्यातच धरून. आमचे 820 तिथे 2.05 ग्रॅम मीठ म्हणून दिसतील, जरी आम्ही मीठ 1.7 ग्रॅमच टाकलेलं असलं.

आता आम्ही सलामीच्या पाकिटावर 100 ग्रॅमचा आकडा मोठ्या टायपात छापतो आणि त्याखाली एका चकतीचा, 89 मिलिग्रॅम. मेहुणा कुरकुरला की सलामीचा खप उतरेल. थोडा उतरलाही. ताई साध्या स्लाइस नेतात, सलामी नेत नाहीत.