कऱ्हाडच्या बाई आणि दोन ‘ऱ्य’

ऑगस्टमधल्या एका गुरुवारी सकाळी दिवाळी अंकाच्या संपादक ताईंचा फोन आला. त्यांच्याकडे येणाऱ्या लेखांचा ढीग चाळायला आम्ही एक छोटा क्लासिफायर करून दिला होता. लेख माणसाने लिहिलाय की यंत्राने, याचा तो शून्य ते एक असा आकडा द्यायचा; एकच्या जवळ म्हणजे यंत्राचा. ताई म्हणाल्या, “अगं, कऱ्हाडजवळच्या एका निवृत्त शिक्षिकेचा लेख तुमच्या यंत्राने यंत्राचा ठरवलाय. बाईंना मी वीस वर्षं ओळखते. त्या अजून वहीत लिहितात, नातू मोबाईलवर टाइप करून पाठवतो. तू बघ जरा.”

मी लेख उघडला. घाटाच्या पायऱ्या, कृष्णा-कोयनेचा संगम, पुराच्या दिवसांत शेतकऱ्यांची चाललेली धावपळ. वाचताना मला एक क्षणही शंका आली नाही. क्लासिफायरचा आकडा मात्र ०.९६ होता.

आमचा क्लासिफायर साधा होता आणि तो तसाच असावा, या मताची मी आजही आहे. अक्षरांचे दोन ते पाच लांबीचे तुकडे घ्यायचे, एका लेखात वारंवार पण बाकी लेखांत क्वचित येणाऱ्या तुकड्यांना टीएफ-आयडीएफने जास्त वजन द्यायचं आणि त्यावर लॉजिस्टिक रिग्रेशन चालवायचं. शब्दांऐवजी अक्षरांचे तुकडे घेतले, कारण scikit-learn या पायथन लायब्ररीची नेहमीची शब्द तोडण्याची पद्धत काना-मात्र्यापाशी शब्द फोडते. तिच्या हाती ‘मराठी’ दिला तर ‘मर’ एवढाच तुकडा उरतो. साध्या मॉडेलचा मोठा फायदा म्हणजे कोणत्या तुकड्याला किती वजन मिळालं, हे उघडून बघता येतं. मी तेच केलं.

यंत्राकडे ओढणाऱ्या तुकड्यांच्या यादीत अगदी वर ‘ऱ्य’ होता. माणसाकडे ओढणाऱ्या यादीतही अगदी वर ‘र्‍य’ होता. दोन्ही माझ्या डोळ्यांना सारखेच दिसत होते. एकच तुकडा दोन्ही याद्यांत कसा येईल? मी आधी माझ्या कोडमध्ये चूक शोधत बसले. मग शेजारच्या टेबलावरचा सहकारी वाकून म्हणाला, “नुसतं प्रिंट करू नकोस, repr करून बघ, न दिसणारी चिन्हंही दिसतील.” केलं, आणि दुसऱ्या तुकड्याच्या पोटात `\u200d` दिसलं.

मराठीतला हा अर्धा ‘र’ संगणकावर दोन प्रकारे लिहिता येतो. एक म्हणजे नुक्तावाला ऱ, `U+0931`, आणि पुढे हलन्त. दुसरा म्हणजे साधा र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारं जोडचिन्ह, `U+200D`. पडद्यावर आणि छपाईत फरक कळत नाही, पण अक्षरं मोजणाऱ्या मॉडेलसाठी ती दोन वेगळी अक्षरं आहेत.

आता आमचा डेटा कुठून आला ते सांगायला हवं. माणसाचे नमुने खात्रीने माणसाचेच असावेत म्हणून आम्ही नोव्हेंबर २०२२च्या, म्हणजे ChatGPT यायच्या, आधीचे लेख घ्यायचं ठरवलं होतं. ते बरोबरच होतं. पण सोय म्हणून घेतलेले सहाशे लेख सगळे जुन्या अंकांतले होते. जुन्या फॉन्टमध्ये टाइप झालेले आणि पुढे कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आलेले. त्या कन्व्हर्टरने प्रत्येक ठिकाणी जोडचिन्हाचा र घातला होता. त्याच शीर्षकांवर एका भाषा-मॉडेलकडून लिहून घेतलेल्या सहाशे लेखांत सगळीकडे `U+0931` होता. आम्हाला माणूस आणि यंत्र वेगळं करायचं होतं, मॉडेल शिकलं होतं ते जुना कन्व्हर्टर आणि आजचा कीबोर्ड वेगळा करायला. टेस्ट सेटही त्याच डेटातून काढलेला, त्यामुळे तिथे शंभरातले नव्व्याण्णव बरोबर यायचे आणि आम्ही खूश असायचो.

खात्री करायला मी बाईंच्या लेखातला प्रत्येक ‘ऱ्’ बदलून जोडचिन्हाचा केला. पायऱ्या, दऱ्या, शेतकऱ्यांच्या, वाऱ्यानं आणि कऱ्हाड हे नावसुद्धा. वाचणाऱ्याला एक अक्षरही बदललेलं दिसलं नसतं. आकडा ०.९६ वरून ०.३८ वर आला. मला खरोखर वाईट वाटलं. आपल्या गावाचं नाव जितक्या वेळा लिहावं तितक्या वेळा बाई यंत्र ठरत गेल्या होत्या.

दुरुस्ती पाच ओळींची होती:

```python
import unicodedata

def saaf(t):
    t = unicodedata.normalize("NFC", t)
    t = t.replace("\u0930\u094d\u200d", "\u0931\u094d")
    return t.replace("\u200d", "").replace("\u200c", "")
```

त्याबरोबर आणखी एक गोष्ट केली, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. मॉडेलला देण्यापुरते ऱ्हस्व-दीर्घ एक करून टाकले. यंत्राच्या लेखांत ‘पाहीजे’ किंवा ‘आणी’ क्वचितच सापडतं, माणसाच्या सापडतं. म्हणून मॉडेल अशुद्ध लिहिणाऱ्याला माणूस मानायला लागतं आणि ज्याने आयुष्यभर मुलांना शुद्धलेखन शिकवलं, त्याच्यावर संशय घेतं. असा पुरावा खरा असला तरी मला तो वापरायचा नव्हता.

ताईंकडून २०१८ ते २०२१ मध्ये ईमेलने आलेले, लोकांनी मोबाईलवर टाइप केलेले अडीचशे लेख मागवले. ते माणसाच्या बाजूला घातले आणि पुन्हा ट्रेनिंग केलं. शंभरातल्या नव्व्याण्णवांचे त्र्याण्णव झाले. बाई सुटल्या. मला वाटलं, काम झालं.

दुपारी जेवून आल्यावर सहकाऱ्याने पेन ड्राइव्ह पुढे केला. “तुझं मॉडेल एकाच जनरेटरच्या, म्हणजे लेख लिहिणाऱ्या एकाच भाषा-मॉडेलच्या, लेखांवर शिकलंय. यात दुसऱ्या तिघांचे शंभर-शंभर आहेत. बघ चालवून.”

आम्ही जनरेटरना क, ख, ग, घ म्हणत होतो. क म्हणजे आमचा नेहमीचा. माणसांच्या शंभर लेखांत चुकून दोनच अडकतील अशी रेषा आखली आणि चालवलं. क चे शंभरात त्र्याण्णव सापडले. ख चे एकतीस. ग चे चाळीस. घ बद्दल तर बोलायलाच नको.

विचित्र म्हणजे सकाळपर्यंतचं बिघडलेलं मॉडेल ख, ग, घ या तिघांनाही बरोबर पकडत होतं. त्यांच्याही लेखात `U+0931` होता ना! म्हणजे तेव्हाच दुसऱ्या जनरेटरवर तपासलं असतं, तरी आम्हाला शाबासकीच मिळाली असती. एका दोषाने दुसरा दोष झाकून ठेवला होता.

पुन्हा वजनांची यादी उघडली. आता वर होते ‘महत्त्वाची भूमिका’, ‘केवळ… नाही, तर’, ‘खऱ्या अर्थाने’ यांचे तुकडे. ही क ची लकब होती. ख तसं लिहीतच नव्हता, त्याला प्रश्नाने परिच्छेद सुरू करायची सवय होती. ग छोट्या छोट्या वाक्यांत लिहायचा. आमचं मॉडेल क ला त्याच्या आवाजावरून ओळखत होतं. यंत्र म्हणून सगळ्यांत समान काय आहे, हे त्याला कधी विचारलंच गेलं नव्हतं.

यावर ‘अजून डेटा घाला’ हे सोपं उत्तर आहे आणि ते अर्धंच खरं आहे. क चे आणखी पाच हजार लेख घातले असते तर मॉडेल क मध्ये आणखी रुतलं असतं. प्रश्न तपासायच्या पद्धतीचा होता. म्हणून आम्ही `LeaveOneGroupOut` च्या धर्तीवर फेऱ्या लावल्या. प्रत्येक फेरीत एक अख्खा जनरेटर बाहेर ठेवायचा, उरलेल्या तिघांवर शिकायचं आणि बाहेरच्यावर तपासायचं. माणसाच्या बाजूनेही तसंच: काही लेखक पूर्ण बाहेर, आणि एका शीर्षकावरचे माणसाचे व यंत्राचे लेख नेहमी एकाच बाजूला, नाहीतर मॉडेल विषय पाठ करतं. प्रत्येक जनरेटरचे लेख सारखे, प्रत्येकाला तीन वेगळ्या धाटणीचे प्रॉम्प्ट.

मग `C` निवडायची पाळी आली. `C` जितका लहान तितकी मॉडेलवर बंधनं जास्त. सगळा डेटा सरमिसळ करून तपासलं तर १० चांगला दिसत होता. जनरेटर बाहेर ठेवून तपासलं तर ०.१ जिंकला. तोच डेटा, तेच मॉडेल, फक्त प्रश्न वेगळा विचारला आणि उत्तर शंभर पटीने बदललं. मी ते दोन आकडे वहीत शेजारीशेजारी लिहून ठेवले आहेत.

शेवटची गाळणी सहकाऱ्याने सुचवली. प्रत्येक जनरेटर विरुद्ध माणूस असं वेगळं छोटं मॉडेल करायचं आणि जो तुकडा सगळ्यांत एकाच बाजूला झुकतो तोच ठेवायचा. ‘महत्त्वाची भूमिका’ गेली. राहिलं ते फार साधं होतं. यंत्राच्या बाजूला ‘-ण्यासाठी’, ‘यामुळे’, ‘तसेच’. माणसाच्या बाजूला ‘म्हणे’, ‘बरं का’, ‘की नाही’, ‘हो ना’. बाहेरच्या जनरेटरचे शंभरात सरासरी अडुसष्ट लेख सापडायला लागले. क चे मात्र त्र्याण्णववरून एक्क्याऐंशीवर आले. तो तोटा मी आनंदाने घेतला.

रेषा कुठे आखायची हेही फक्त माणसांच्या लेखांवर ठरवलं, आणि तेही ट्रेनिंगमध्ये नसलेल्या लेखकांच्या. दीडशे शब्दांखालच्या मजकुराला आकडाच द्यायचा नाही असं केलं, कारण तेवढ्यात हे बारीक तुकडे पुरेसे येतच नाहीत.

पाचव्या एका जनरेटरचे शंभर लेख आम्ही मुद्दाम न उघडता ठेवले होते. शुक्रवारी संध्याकाळी, सगळं गोठवल्यावर, एकदाच चालवले. एकसष्ट सापडले. ताईंना मी हाच आकडा सांगितला.

“म्हणजे शंभरातले चाळीस निसटणार?” त्या म्हणाल्या.

“हो. आणि उद्या नवीन मॉडेल आलं तर कदाचित जास्त.”

“आणि माणसाचे?”

“शंभरात दोन तरी अडकतील, ताई. ते कोणते, हे मला सांगता येणार नाही.”

त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “तुझ्या त्या फोल्डरचं नाव बदल.” रेषेच्या वर गेलेले लेख ज्या फोल्डरमध्ये जायचे, त्याचं नाव ‘यंत्र’ होतं. मी ते पुसलं आणि त्यांनी सांगितलं तसं ‘पुन्हा वाचा’ असं केलं. बाईंचा आकडा आता ०.३४ होता, त्यामुळे त्यांचा लेख त्या फोल्डरमध्ये नव्हताच. तरी ताईंनी तो त्या रात्री पुन्हा वाचला आणि सकाळी मला पायऱ्यांवरचा परिच्छेद फोनवर वाचून दाखवला.