रविवारची गोळी आणि ताठ अर्धा तास

रविवार, सकाळी 7

आजची गोळी 6 वाजून 10 मिनिटांनी घेतली. आधी अंथरूण आवरलं, तोंड धुतलं, मग स्वयंपाकघरात येऊन उभ्यानेच घेतली. पेला काठोकाठ भरलेला होता आणि तो सगळा संपवला. आता 50 मिनिटं झाली आहेत, दोन घास पोटात गेले आहेत, म्हणून लिहायला बसले.

आदल्या रात्रीच हे पाणी भरून ठेवतात आणि गोळीचं पाकीट पेल्याखाली सरकवतात. गेल्या वर्षी पाय घसरून मनगट मोडलं, मग हाडांची घनता मोजली, आणि ही अ‍ॅलेन्ड्रोनेटची 70 मिलिग्रॅमची गोळी मागे लागली. आठवड्यातून एकदाच. पूर्वी याच औषधाची 10 मिलिग्रॅमची गोळी रोज घ्यावी लागे. औषध एकदा हाडात जाऊन बसलं की फार काळ तिथेच राहतं, त्यामुळे सात दिवसांचं एकदम घेतलं तरी काम तेच होतं. हाड झिजवणाऱ्या पेशींना ते आवर घालतं. आठवड्यातले सहा दिवस विसरून जायचं असं हे सोपं औषध आहे. सातव्या दिवशीचा अर्धा तास मात्र ते पूर्ण मागतं, आणि तो अर्धा तास मी पहिले चार महिने चुकीचा समजत होते.

मला वाटायचं, सगळी सक्ती उपाशीपणाची आहे. गोळी अनशापोटी घ्यायची, नंतर अर्धा तास काही खायचं नाही, चहा नाही, दुसरं औषध नाही. एवढं मी काटेकोर पाळत होते. ताठ राहायचं हे चिठ्ठीवर होतं, पण जेवल्यावर लगेच आडवं होऊ नये म्हणतात त्यातलंच ते असेल असं मी धरून चालले होते. आणि पोट रिकामं हवं म्हणजे पाणीही बेताचंच बरं, असं माझं मीच ठरवून टाकलं होतं. दोन घोटांत गोळी गिळायची. वर्षानुवर्षं सगळ्या गोळ्या मी तशाच गिळत आले होते.

मग तो रविवार आला. पहाटे पाचला जाग आली. गोळी उशाशीच होती. म्हटलं, आत्ताच घेऊन टाकावी, उठेपर्यंत अर्धा तासही होऊन जाईल. उशा पाठीशी लावून अर्धवट बसले, दोन घोट पाणी प्यायले आणि परत पडले. डोळा लागला तो साडेसहापर्यंत. उठले तेव्हा काहीच जाणवलं नाही. त्या दिवशी सगळं खाल्लं-प्यायलं.

सोमवारी दुपारी जेवताना पहिला घास छातीच्या मधल्या हाडामागे अडल्यासारखा झाला. पाणी प्यायले तर तेही त्याच जागी चुरचुरत खाली गेलं. मला आम्लपित्ताची सवय आहे, पण ते जळजळणं वेगळं. ते पोटातून वर येतं. हे दुखणं गिळलं की उठायचं, आणि बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच ठिकाणी. मंगळवारी रात्री नुसती थुंकी गिळतानाही कळ यायला लागली, तेव्हा हे म्हणाले, "अगं, ही तुझी नेहमीची जळजळ नाही. सकाळी डॉक्टरबाईंना फोन कर." माझ्या मनात गोळी आलीच नव्हती. दोन दिवसांपूर्वी घेतलेल्या गोळीने आज गिळताना कसं दुखेल, असं वाटत होतं.

बाईंनी मात्र फोनवर सगळ्यात आधी तेच विचारलं. कधी घेतली, किती पाण्याबरोबर, नंतर काय केलंत. मग विचारलं, उलटीतून रक्त आलंय का, शौच काळी होतेय का, घास पूर्ण अडकून बसतो का. यातलं काही नव्हतं. "पुढच्या रविवारची गोळी घ्यायची नाही. मी सांगेपर्यंत बंद," एवढं त्यांनी बजावलं आणि त्याच दिवशी तपासायला बोलावलं. आम्ल कमी करणारं औषध दिलं. आठ-दहा दिवसांत उतार पडला नाही तर दुर्बिणीने आतून पाहावं लागेल, असंही सांगितलं. ती वेळ आली नाही. पाचव्या दिवसापासून गिळणं सुधारलं आणि आठव्या दिवशी मी नेहमीसारखी जेवले.

त्या भेटीत त्यांनी कागदावर एक नळी काढून दाखवली. तोंडापासून पोटापर्यंतची अन्ननलिका ताठ, गुळगुळीत पाइपासारखी नसते. ती मऊ असते, एरवी आतल्या भिंती एकमेकींना टेकलेल्या असतात. कोरड्या नळीतून दोन घोटांवर सोडलेली गोळी मधेच भिंतीला चिकटू शकते, आणि ते आपल्याला कळेलच असं नाही. बऱ्याच गोळ्या तिथे विरघळल्या तरी फारसं बिघडत नाही. हिचं तसं नाही. ही जिथे टेकते तिथलं नाजूक अस्तर पोळून काढते, आणि तिथे व्रणही पडू शकतो. म्हणून ती चावायची नाही, चघळायची नाही, कुटून घ्यायची नाही. तसं केलं तर तोंडात आणि घशातच फोड येतील. पेलाभर पाणी लागतं ते गोळीला वाटेत कुठेही न थांबता थेट पोटात उतरवायला. आणि ताठ राहायचं ते पोटात उतरलेलं औषध आम्लाबरोबर पुन्हा वर नळीत येऊ नये म्हणून. मी तर दोन्ही दारं उघडी ठेवली होती. कमी पाण्याने ती खाली जाताना अडली असेल किंवा आडवी झाल्यावर वर आली असेल. नक्की कोणतं झालं हे बाईंनाही सांगता आलं नसतं.

उपाशीपणाचं कारण अगदी वेगळं आहे. हे औषध आतड्यातून रक्तात जातं तेच मुळात फार थोडं, रिकाम्या पोटीही शंभरातला जेमतेम पाऊण भाग. जेवणाबरोबर घेतलं तर जवळजवळ काहीच नाही. कॉफी किंवा संत्र्याच्या रसाबरोबर घेतलं तरी त्या थोडक्यातला निम्म्याहून जास्त वाटा वाया जातो. कॅल्शियम तर त्याला धरूनच ठेवतं. म्हणून पाणी साधं लागतं, खनिजं असलेलं बाटलीतलंही नको. माझी कॅल्शियमची गोळी तेव्हापासून रात्रीच्या जेवणानंतर गेली आहे.

म्हणजे एकाच अर्ध्या तासात दोन वेगळी कामं चालू असतात. पोट रिकामं ठेवायचं ते औषध हाडापर्यंत पोचावं म्हणून. पाणी आणि ताठ बसणं हे अन्ननलिकेला जपण्यासाठी. पहिलं चुकलं तर त्या आठवड्याची गोळी फुकट जाते, बस. दुसरं चुकलं तर माझ्यासारखं होतं. आणि मी सगळी काळजी घेतली ती पहिल्याचीच.

सहा आठवड्यांनी बाईंनी गोळी परत सुरू केली. त्याआधी त्यांनी नीट विचारून घेतलं, की अर्धा तास आधाराशिवाय ताठ बसता येतं ना, पूर्वी कधी घास अडकायचा का. ज्यांना तेवढं बसवत नाही किंवा ज्यांची अन्ननलिका अरुंद आहे त्यांना ही गोळी देतच नाहीत. पुन्हा दुखलं तर शिरेतून वर्षातून एकदा द्यायचं औषध आहे, त्याकडे वळू, असं ठरलं आहे. घरी आल्यावर मी माझा रोजचा पेला मापाने मोजला. 150 मिलिलिटरचा निघाला! मी "पेलाभर" म्हणत होते तोसुद्धा कमीच होता. हवं 200 ते 240. आता गोळीसाठी मोठा पेला वेगळा काढला आहे.

पुढचा रविवार, रात्री

आज चूक झाली, पण निस्तरता आली. सकाळी उठले, चहा केला, अर्धा कप पोटात गेला आणि मग पेल्याखालचं पाकीट दिसलं. पूर्वीची मी असते तर "घेऊन टाकते, होईल काय" म्हटलं असतं. आज घेतली नाही. चहा पोटात असताना घेतली असती तर ती बहुतेक वाया गेली असती. सुटलेली गोळी आठवल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी घ्यायची आणि पुढच्या वेळी परत आपल्या ठरल्या वारावर यायचं, असं बाईंनी आधीच सांगून ठेवलंय. एका दिवशी दोन कधीच नाहीत. कॅलेंडरवर उद्याच्या सोमवारी खूण केली आणि त्यापुढच्या रविवारीही. ह्यांना सांगितलं, उद्या चहा मी म्हणेपर्यंत ठेवू नका.

सोमवार, सकाळी 7:05

6:15 ला घेतली, मोठ्या पेल्याने. मग अर्धा तास काय करायचं हा प्रश्न राहतो. बसलं तरी चालतं, फक्त पाठ सरळ हवी. मागे रेलायच्या खुर्चीत मी बसत नाही. तिथे कधी घसरत आडवी होते ते कळत नाही. वाकून करायची कामंही मी या वेळात काढत नाही. चिठ्ठीवर तसं काही लिहिलेलं नाही, पण त्या दुखण्यानंतर पोटावर दाब देऊन खाली वाकायला माझं मन घेत नाही. आज उभ्याने कपड्यांच्या घड्या घातल्या, खिडकीतल्या कुंड्यांना पाणी दिलं, मग टेबलाशी बसून वर्तमानपत्र वाचलं.

6:45 झाले तरी भूक नव्हती. रात्री झोप नीट लागली नव्हती, थोडं पडावंसं वाटत होतं, आणि अर्धा तास तर भरला होता. पण बाईंचं दुसरं वाक्य लक्षात होतं, "अर्धा तास तर हवाच, आणि शिवाय काहीतरी खाऊन होईपर्यंत." पोटात उरलंसुरलं औषध अन्नात मिसळून सौम्य होतं. खाल्ल्याशिवाय आडवं झालं तर ते तसंच्या तसं वर यायला मोकळं राहतं. शिवाय तीस मिनिटं म्हणजे कमीत कमी. खाण्याला आणखी उशीर झाला तर औषध थोडं जास्तच लागू पडतं, त्यामुळे थांबण्यात तोटा काहीच नव्हता. अजून दहा मिनिटं तशीच बसले. मग नाश्ता केला, सावकाश, प्रत्येक घास कसा उतरतोय याकडे लक्ष देत. गोळीच्या दिवशी आणि त्यानंतरचे दोन दिवस मी हे मुद्दाम करते. त्या वेळचं दुखणं दुसऱ्या दिवशी दुपारी सुरू झालं होतं.

सगळे घास नीट उतरले. आता जरा पडते.