आमची वाटचाल : शेवटच्या तारखेपासून लॅबच्या दारापर्यंत

यंत्रांचे कंट्रोल बोर्ड बनवणारी आमची फर्म. माणसं बावीस. वर्षाला दोन, फार तर तीन नवे इंजिनिअर लागतात. सुरुवातीला आम्ही मोठ्या कंपन्यांचाच कित्ता गिरवला: कॉलेजच्या प्लेसमेंट सेलला मेल टाकायचा, तारीख मागायची आणि वाट बघायची. तारीख मिळायची ती सगळ्यात शेवटची. सेल सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यांना, म्हणजे टीपीओंना तरी काय बोलणार? जो पन्नास मुलं उचलतो त्याला ते आधी बोलावणारच. त्यात बऱ्याच कॉलेजांत एक ऑफर हातात आली की मुलाला पुढच्या कंपन्यांना बसता येत नाही. आमची पाळी येईपर्यंत हॉल अर्धा रिकामा झालेला असायचा.

एका वर्षी चार ऑफर लेटरं दिली आणि रुजू झाला एकच. ऑफर आणि जॉइनिंग यांच्यात आठ-नऊ महिने जातात. तेवढ्यात कुणी पुढच्या शिक्षणाला जातो, कुणाला बाहेर दुसरं काही मिळतं, आणि कळवायचं मात्र कुणाच्या लक्षात राहत नाही.

पुढे एका कॉलेजातल्या मॅडमनी शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टच्या व्हायवाला मला एक्स्टर्नल म्हणून बोलावलं. बहुतेक मॉडेलं चालत होती, पण ‘हा कपॅसिटर इथे कशाला?’ म्हटलं की शांतता. एका गटाचं मॉडेल मात्र चालेचना. बाकीचे तिघं एकमेकांकडे बघत राहिले. चौथी मुलगी मल्टिमीटर घेऊन बसली. आधी सप्लाय तपासला, मग रेग्युलेटरचं आउटपुट. 5 व्होल्टच्या जागी 3.8. मग एकेक मॉड्यूल सोडवत गेली. रिलेचं मॉड्यूल काढलं आणि मीटरवर 5 आले. ‘सर, रिलेही याच रेग्युलेटरवर टाकलेत, त्याला झेपत नाहीये,’ ती म्हणाली. तिचा एक बॅकलॉग होता. ‘साठ टक्के आणि बॅकलॉग नको’ ही अट आम्हीच सेलला लिहून दिलेली. आमच्याच चाळणीतून ती गळाली असती!

ती अट आम्ही काढली. आता शेवटचं वर्ष सुरू व्हायच्या आधीच मॅडमकडे प्रोजेक्टचे दोन विषय देतो. विषय आमच्या उपयोगाचा असतो, पण ग्राहकाचं काम त्याच्यावर अडलेलं नसतं, कारण परीक्षा आली की मुलं महिनाभर गायब होणार आणि तसं झालंच पाहिजे. सुटे भाग आम्ही देतो, आणि आमचा एक इंजिनिअर पंधरवड्यातून तासभर जाऊन बसतो. त्यातल्या एक-दोघांना शेवटच्या सेमिस्टरला पगारी इंटर्नशिप मिळते. ऑफर त्यानंतर. असा आलेला मुलगा सहसा परत जात नाही, कारण काम काय आहे ते त्याने पाहिलेलं असतं.

प्राध्यापकांना काय विचारावं हेही हळूहळू उमगलं. ‘हुशार कोण?’ म्हटलं की टॉपरांची यादी येते. ‘लॅब बंद करताना कुणाला उठवावं लागतं?’ म्हटलं की वेगळीच नावं निघतात. पण शिफारस कुणाचीही असो, बिघाड घातलेला बोर्ड सगळ्यांपुढे तोच ठेवतो. एकदा एका सरांनी आग्रहाने पाठवलेला मुलगा त्यात अडला. नकाराचा मेल पाठवून मोकळं होणं सोपं होतं, पण मी जाऊन त्याने काय केलं ते सांगितलं: मीटर न लावताच त्याने आयसी बदलायला घेतली होती. सर थोडे खट्टू झाले. पुढच्या वर्षी त्यांनी पाठवलेली दोन्ही मुलं चांगली निघाली.

एक चूक मात्र महागात पडली. मॅडमशी इतकं जमलं की एका मुलीला आम्ही परस्परच घेऊन टाकलं. सेलच्या नोंदीत ती बिनानोकरीची, म्हणून तिला दुसऱ्या कंपनीलाही बसवलं गेलं, आणि तिथली ऑफर तिने नाकारल्यावर टीपीओंना त्या कंपनीचं ऐकून घ्यावं लागलं. ते आमच्यावर चिडले ते रास्तच होतं. तेव्हापासून माणूस लॅबमध्ये सापडला तरी ऑफर लेटर सेलमधूनच जातं.

त्याचा फायदा वाईट वर्षात कळला. ऑर्डरी आटल्या तेव्हा तिघांना शब्द दिलेला होता आणि घेणं जमणार होतं एकालाच. जॉइनिंगची तारीख नुसती पुढे ढकलत राहण्याऐवजी मी चार महिने आधी टीपीओंकडे गेलो. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उरलेल्या दोघांची नावं त्यांनी पुन्हा यादीत घातली, आणि दोघांनाही दुसरीकडे लागता आलं.

यंदा आमच्याकडे जागा नाही. तसं सेलला कळवलंय, मुलांनाही आधीच सांगायला सांगितलंय. प्रोजेक्टचे दोन विषय नेहमीप्रमाणे गेलेत. फक्त या खेपेला मॅडमबरोबर त्यांच्या विभागातल्या एका नव्या सरांनाही बसवलं, कारण मॅडमची बदली होणार असं कानावर आलंय.