तोच आकार, वेगळा सेल

«सेल बदलून आठ महिनेही झाले नाहीत आणि घड्याळ पुन्हा बंद पडलं. आकार तर अगदी तोच होता, मग चुकलं कुठे?»

बहुधा रसायनात. माझ्या स्वतःच्या घड्याळाचे असेच झाले होते. मागचे झाकण उघडल्यावर आतील सेलवर AG4 असे लिहिलेले दिसले, आणि सेल ज्या खाचेत बसतो तिच्या शेजारी बारीक अक्षरांत SR626SW असे कोरलेले होते. दोन्ही सेल ६.८ मिलिमीटर व्यासाचे आणि २.६ मिलिमीटर उंचीचे असल्यामुळे खाचेत ते सारखेच बसतात. म्हणूनच ही चूक सहज होते आणि लवकर लक्षात येत नाही.

त्या अक्षरांपैकी S म्हणजे सिल्व्हर ऑक्साइड आणि R म्हणजे गोल. S च्या जागी L असेल, तर तो सेल अल्कलाइन असतो. AG4 हे LR626 चेच दुसरे नाव. 626 या आकड्यांत व्यास आणि उंची असते. शेवटचे SW हे साध्या काट्यांच्या घड्याळासारख्या अगदी कमी करंट घेणाऱ्या यंत्रासाठी, तर नुसते W हे दिवा किंवा गजर असलेल्या घड्याळासाठी असते. सेलवर फक्त 377 असे छापलेले असेल, तरी तो SR626SW च आहे असे समजावे.

सिल्व्हर ऑक्साइडचा सेल १.५५ व्होल्टच्या आसपास जवळजवळ अखेरपर्यंत टिकून राहतो आणि मग एकदम उतरतो. अल्कलाइनचा व्होल्टेज मात्र १.५ पासून पहिल्या दिवसापासूनच हळूहळू घसरत जातो. अनेक क्वार्ट्झ यंत्रे व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेला, की सेकंदकाटा दोन-दोन सेकंदांच्या उड्यांनी चालवून सेल संपत आल्याची सूचना देतात. माझ्या घड्याळाचा काटा सातव्या महिन्यातच अशा उड्या मारू लागला होता आणि मी यंत्रालाच दोष देत बसलो होतो.

योग्य सेल किती चालावा, याचा हिशेब सोपा आहे. या आकाराच्या सिल्व्हर ऑक्साइड सेलची क्षमता साधारण २५ मिलिअँपिअर-तास असते. घड्याळ एक मायक्रोअँपिअर घेत असेल, तर २५,००० तास, म्हणजे पावणेतीन वर्षांहून थोडे अधिक. अल्कलाइनमध्ये मुळात साठाही कमी असतो, आणि त्याहून वाईट म्हणजे तो गळण्याची शक्यता जास्त असते. संपर्कपट्टीवर पांढरट खपली दिसली, तर ती साफ केल्याशिवाय नवा सेल बसवू नये.

एक गोष्ट मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावी. SR621SW, म्हणजेच 364, याचा व्यास तोच, पण उंची २.१५ मिलिमीटर. 626 च्या जागी तो बसवला, तर पट्टी नीट टेकत नाही आणि घड्याळ हलवले की थांबते. म्हणून जुन्या सेलवरचा क्रमांक न उतरवता यंत्रावर कोरलेला उतरवावा. जुना सेल कोणी चुकीचाच बसवलेला असू शकतो, माझ्या घड्याळात तसेच होते.