चक्राची शेपटी: घातांची बाकी तपासताना (नोंद ३)

एकक अंकांचा तक्ता मागच्या नोंदीत पुरा झाला. ०, १, ५ आणि ६ यांचा कितवाही घात घ्या, एकक अंक तोच राहतो. ४ आणि ९ दोन पायऱ्यांत फिरून येतात, तर २, ३, ७ आणि ८ यांना चार पायऱ्या लागतात. म्हणजे ७^२०२६ साठी २०२६ ला ४ ने भागायचं, बाकी २, आणि ७^२ चा एकक अंक ९. यात आता कुणी अडत नाही. अडतं ते १० सोडून दुसऱ्या भाजकाकडे वळल्यावर.

या खेपेला २ च्या घातांना १०० ने भागलं, म्हणजेच शेवटचे दोन अंक काढले:

०२, ०४, ०८, १६, ३२, ६४, २८, ५६, १२, २४, ४८, ९६, ९२, ८४, ६८, ३६, ७२, ४४, ८८, ७६, ५२, ०४…

०४ परत आला, ०२ मात्र आलाच नाही, आणि पुढेही कधी येणार नाही. २^२ पासून प्रत्येक घाताला ४ ने भाग जातो. १०० लाही ४ ने भाग जातो, त्यामुळे १०० ने भागून उरणारी बाकीसुद्धा ४ च्या पाढ्यातलीच हवी. ०२ त्या पाढ्यात नाही. चक्र २० पायऱ्यांचंच आहे, पण ते दुसऱ्या घातापासून सुरू होतं. पहिला घात ही नुसती शेपटी.

आता २^१०१ घ्या. १०१ ला २० ने भागून बाकी १, म्हणून पहिली जागा बघून ०२ लिहून मोकळं होणं ही इथली नेहमीची चूक. बाकी शेपटीच्या जागेवर पडली तर तिच्यात चक्राची लांबी मिळवायची: १ + २० = २१, आणि एकविसाव्या जागी ५२ आहे. बाकी ० आली तरी तेच. २^१०० साठी शून्याऐवजी विसावी जागा बघायची, तिथे ७६. शून्य बाकी म्हणजे उत्तर १, ही सवय पाया आणि भाजक सहमूळ असतील तेव्हाच चालते.

५२ बरोबर आहे का, हे तक्त्याकडे न बघताही तपासता येतं. १०० चे ४ आणि २५ असे दोन तुकडे करा. २^१०१ ला ४ ने पूर्ण भाग जातो. २५ च्या बाबतीत २^२० ची बाकी १ येते, म्हणून २^१०१ ची बाकी २. शंभराच्या आत २५ ने भागून २ उरणाऱ्या संख्या चारच: २, २७, ५२, ७७. त्यांतली ४ ने भाग जाणारी एकटी ५२. शेपटीचा घोळ असेल तर तो इथे हमखास उघडा पडतो.

मग १० ला शेपटी का नाही? १० मध्ये २ आणि ५ एकेकदाच आहेत, त्यामुळे लागणारा अवयव पहिल्याच घातात पुरा भरतो. १२ मध्ये २ दोनदा आहे, म्हणून २ च्या घातांच्या बाक्या २, ४, ८, ४, ८ अशा जातात. ४८ मध्ये तो चारदा आहे, म्हणून २, ४, ८, १६, ३२, १६, ३२: शेपटी तीन पायऱ्यांची, चक्र दोनाचं. थोडक्यात, तक्ता करताना पहिली संख्या परत येण्याची वाट बघू नये. कोणतीही संख्या दुसऱ्यांदा दिसली की थांबावं आणि ती आधी कितव्या जागी होती ते टिपून ठेवावं.

एक जुनी चूक अजूनही भेटते: घातांकाला चक्राच्या लांबीऐवजी भाजकानेच भागणं. ३^२०२५ ला ७ ने भागायचं असेल तर बाक्या ३, २, ६, ४, ५, १ अशा फिरतात, लांबी ६. २०२५ ला ६ ने भागून बाकी ३, म्हणून उत्तर ६. ७ ने भागलं तर बाकी २ येते आणि उत्तर २ निघतं, तेही दिसायला अगदी साळसूद.

पडताळ्यासाठी स्प्रेडशीट वापरू नका. ती साधारण पंधराच अंक नेमके धरते, पुढे शून्यं भरते, आणि आपल्याला हवे असतात ते नेमके शेपटाकडचे अंक. पायथनमध्ये पूर्ण संख्या पूर्णच राहते:

```
pow(2, 101, 100)   # 52
pow(3, 2025, 7)    # 6
```

पुढच्या नोंदीआधी ६ च्या घातांचे शेवटचे दोन अंक मांडून बघा. ०६, ३६, १६, ९६, ७६, ५६, आणि पुन्हा ३६.