बिडाचा तवा अपडेट: खडबडीत की गुळगुळीत, आणि नॉनस्टिक कुठे उरतो

मंडळी, दोन्ही तव्यांचं सीझनिंग, म्हणजे तेल भाजून चढवलेला काळा थर, आता नीट बसलंय, त्यामुळे तुलना करण्यात अर्थ आहे. एक तवा लॉजचा, म्हणजे अमेरिकेतल्या टेनेसीतली १८९६ पासूनची कंपनी, आणि दुसरा बोहरी आळीतून घेतलेला बिनब्रँडचा बिडाचा, आतून लेथवर घासून गुळगुळीत केलेला. तिसरा घरातला रोजचा नॉनस्टिक.

लॉजचा हाताला बारीक खरखरीत लागतो कारण वाळूच्या साच्यात ओतल्यावर वरचा भाग घासत नाहीत, तसाच सोयाबीन तेलाचा थर भाजून विकतात. आळीतला मात्र कोरा, वर गंज येऊ नये म्हणून लावलेलं तेल. ते आधी साबण आणि गरम पाण्याने पूर्ण काढायचं, गॅसवर मंद आचेवर कोरडा करायचा, कोमट असतानाच चार थेंब तेल चोळायचं आणि मग सुती फडक्याने असं पुसायचं की जणू तेल चुकून लागलं होतं. तवा कोरडा दिसला पाहिजे. मग ओटीजीत २३० डिग्रीला पालथा घालून एक तास, आणि आतच गार होऊ द्यायचा. असे तीन-चार थर.

तेल कुठलं, हा प्रश्न सगळेच विचारतात. सूर्यफूल किंवा सोयाबीन घ्या. यातले असंतृप्त घटक उष्णतेने आणि हवेने एकमेकांत गुंफले जाऊन कडक पापुद्रा होतो. खोबरेल किंवा तूप यांत ते घटक फार कमी, म्हणून ते नुसते चिकट राहतात किंवा जळतात. जवसाचं तेल सुरुवातीला चकाचक काळं दिसतं पण थर ठिसूळ असतो, पुढे टवके उडतात. बोट लावल्यावर तवा चिकटला, तपकिरी डाग दिसले, तर समजायचं तेल जाड लागलं, मग नवीन तेल न लावता नुसताच परत तासभर तापवायचा.

गुळगुळीत तव्यावर पहिले थर धरायला वेळ लागला, काठाजवळ थोडे सुटलेही, लॉजच्या खरखरीत पृष्ठावर थर घट्ट बसतो. पण एकदा दोन्ही काळे झाले की घावन सुटणं पृष्ठावर कमी आणि तापमानावर जास्त अवलंबून, हे माझं ठाम मत झालंय.

ते कसं कळलं तर टेम्परेचर गनने. काळ्या बिडावर गन बरोबर वाचते, चकचकीत स्टीलवर मात्र खूप कमी दाखवते कारण चकाकणारा धातू स्वतःची उष्णता कमी बाहेर टाकतो, त्यामुळे ट्रायप्लाय पॅनचे आकडे मी धरत नाही. मोठ्या आचेवर बिडाचा मधला भाग २४०च्या वर गेला तरी कडा १६०च्या आसपास, कारण बिडातून उष्णता सरकायला ॲल्युमिनियमच्या जवळपास चौपट-पाचपट हळू. म्हणून घावन मध्ये करपतं आणि कडेला चिकटतं, आणि लोक तव्याला दोष देतात. आच मंद ठेवून आठ-दहा मिनिटं तापू द्या, अधूनमधून तवा बर्नरवर थोडा सरकवा, सगळीकडे २००च्या जवळ आला की पीठ ओता. कडा स्वतःहून उचलल्या गेल्या की मगच उलथनं घाला, त्याआधी नाही.

अशा तव्यावर पाणी झटकन उडतं त्यामुळे जाळी भरपूर पडते. थालीपीठ तर बिडावरच, मधल्या भोकातून सोडलेलं तेल तव्यापर्यंत पोचतं, झाकण ठेवून मंद आचेवर खालून जो खरपूसपणा येतो तो नॉनस्टिकवर मला कधी मिळालेला नाही.

पण नॉनस्टिक वाईट नाही. आतलं ॲल्युमिनियम पटकन आणि एकसारखं तापतं, पहिलंच घावन सुटतं, अंड्याला उत्तम. एवढंच की टेफ्लॉनचा थर साधारण २६० डिग्रीनंतर बिघडायला लागतो आणि रिकामा तवा मोठ्या आचेवर काही मिनिटांतच तिथे पोचतो, म्हणून रिकामा तापवायचा नाही. 'पीएफओए-फ्री' लिहिलंय म्हणजे टेफ्लॉन नाही असं नसतं, तो थर बनवताना वापरायचं एक रसायन टाळलंय इतकंच.

बिडावर चिंच, आमसूल, टोमॅटो शिजवत ठेवू नका, आंबट रस थर खातो, भाजी काळपट होते आणि लोखंडी चव येते. सार, आमटी यांना सरळ स्टील.

आता लॉजचा मधला भाग ८० आणि मग १२० नंबरच्या पॉलिशपेपरने घासून परत सीझन करून बघायचाय. कोणी केलं असेल तर थर किती दिवस टिकला ते लिहा.