किनोआ पूर्ण प्रथिन, मग ताटातलं प्रथिन निम्मं कसं झालं?

आहारतज्ज्ञ म्हणून त्या दिवशी माझ्यासमोर 54 वर्षांच्या, 60 किलो वजनाच्या शाकाहारी काकू बसल्या होत्या. दीड महिन्यापासून थकवा होता. पोळी आणि वरण दोन्ही बंद करून दोन्ही वेळा त्या नुसता किनोआ आणि भाजी खात होत्या. "मॅडम, यात पूर्ण प्रथिन असतं ना? मग डाळ कशाला?" त्यांनी विचारलं.

मी तराजू काढला. त्या एका वेळेला 40 ग्रॅम कोरडा किनोआ शिजवत. 100 ग्रॅममध्ये साधारण 14 ग्रॅम प्रथिनं धरली, तर ताटात जेमतेम साडेपाच ग्रॅम येतात. आधीच्या जेवणात दोन पोळ्यांच्या 60 ग्रॅम कणकेतून साडेसहा आणि वरणाच्या 30 ग्रॅम तूरडाळीतून तेवढीच, म्हणजे 13 ग्रॅम मिळत होती. त्यांची दिवसाची गरज 50 ग्रॅमची.

'पूर्ण' हा शब्द खोटा नाही. किनोआत नऊही आवश्यक अमिनो आम्लं आहेत. गव्हात लायसिन कमी पडतं, एक ग्रॅम प्रथिनामागे सुमारे 27 मिलिग्रॅम. प्रौढांना 45 लागतं आणि किनोआत ते 50च्या आसपास असतं. पण हे प्रथिनाच्या घडणीबद्दल झालं, प्रमाणाबद्दल नाही. शिवाय गव्हाची उणीव डाळ भरून काढतेच. बाजारातली पाकिटं हा फरक सांगत नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं.

त्यांचा दुसरा प्रश्न एकादशीचा होता: हे धान्य की बी? डब्यातला शिजलेला दाणा मी त्यांना दाखवला. त्याच्याभोवती सुटलेली पांढरी शेपटी म्हणजे अंकुर. गव्हात अंकुर एका टोकाला, वजनाच्या दोन-तीन टक्के असतो. इथे तो दाण्याला वेढून असतो आणि वजनाच्या तिसऱ्या हिश्शाच्या जवळ जातो. बरंचसं प्रथिन त्यातच असतं. गहू-तांदूळ गवतकुळातले, किनोआ मात्र चाकवताचा सख्खा आणि राजगिऱ्याचा चुलत भाऊ. म्हणून तो खरं तृणधान्य नाही. आपण बी म्हणतो ते चालतं, जरी वनस्पतिशास्त्रात तो दाणा म्हणजे एकबीजी कोरडं फळ आहे. उपवासाला चालवायचा की नाही, हे मात्र घरच्या रीतीवर सोडलं.

किनोआ त्यांना आवडत होता, तो मी काढला नाही. एका वेळेला 50 ग्रॅम किनोआ आणि 25 ग्रॅम मूगडाळ यांची खिचडी सांगितली, म्हणजे सुमारे 13 ग्रॅम प्रथिनं, वर वाटीभर दही. दुसऱ्या वेळेला पोळी-वरण पुन्हा सुरू. कडू लागतो ही तक्रारही होती. ते सालीवरच्या सॅपोनिनमुळे. बारीक गाळणीत चोळून, फेस येणं थांबेपर्यंत धुवायला सांगितलं. थकव्याचं कारण फक्त आहार आहे असं धरून चालणार नव्हतं, म्हणून हिमोग्लोबिन, बी-12 आणि थायरॉईडच्या तपासण्यांसाठी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं.